कॅमेरा मागे सरकतो तेव्हा

मी लिहिलं होतं, 'हळूहळू पुढे येते.' एवढंच. आणि फोटोतली बाई कमरेवरची घागर सावरत, हसत हसत, चालत माझ्या अंगावर आली.

अमरावतीत आमचं दोन खोल्यांचं जाहिरातीचं ऑफिस आहे. मी तिथे शब्दांचं काम करते. आधी रेडिओच्या जाहिराती लिहायचे, मग दुकानांच्या उद्घाटनाच्या पत्रिका, मग मोबाईलवर फिरणाऱ्या छोट्या व्हिडिओंचे संवाद. अलीकडे, लिहिलेल्या वर्णनावरून व्हिडिओ तयार करून देणारी साधनं आली आणि त्यांच्यासाठी वर्णनं लिहिण्याचं कामही माझ्याकडेच आलं. त्या वर्णनाला सगळे प्रॉम्प्ट म्हणतात. मालकांचा हिशेब सोपा होता: लिहायचंच आहे ना, मग ह्याच लिहितील.

शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदारांच्या एका गटाला आपल्या वार्षिक मेळाव्यात दाखवायला छोटी फिल्म हवी होती. गटातल्या सगळ्यात वयस्कर सभासद एक आजी होत्या. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने कोरडवाहू काळ्या रानात विहीर खणून संत्र्याची पहिली कलमं लावली, ती गोष्ट फिल्ममध्ये हवी होती. आजची बाग आमच्या कॅमेरामनने जाऊन टिपली. पण जुन्या दिवसांचा एकच पुरावा होता, एक कृष्णधवल फोटो. विहिरीच्या काठाशी घागर घेऊन उभी असलेली तरुण बाई, मागे गुडघाभर उंचीची कलमं. गटाचे सचिव फोनवर म्हणाले, "मॅडम, हा फोटो चालता करून द्या. आजकाल होते म्हणतात तसं."

तर असा तो चालता झाला. मला कॅमेरा पुढे जायला हवा होता, आणि पुढे आली बाई. मी वर्णन आधी मराठीत लिहिते, मग त्याचं इंग्रजी करते, कारण कॅमेऱ्याचे शब्द या साधनांना इंग्रजीतच नीट उमगतात. मराठीत कर्ता गाळला तरी आपलं अडत नाही. साधनाचं अडतं, आणि ते विचारत बसत नाही, सरळ काहीतरी करून मोकळं होतं.

मी वाक्य बदललं. 'कॅमेरा झूम करतो' लिहिलं. आता बाई जागेवर राहिली, चेहरा मोठा होत गेला, आणि आठ सेकंदांच्या शेवटी तो भलत्याच बाईचा झाला. नाक सरळ, भुवया कोरलेल्या, दात पांढरेशुभ्र. एखाद्या साबणाच्या जाहिरातीतली. मी वीसेक वेळा करून पाहिलं. वीस वेगवेगळ्या बायका मिळाल्या. त्यातली एकही फोटोतली नव्हती.

रविवारी मी अकोल्याला मामांकडे गेले.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या त्या बाजूला, खाली दुकान आणि वर घर. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचं काम केलं. खांद्यावरच्या अवजड कॅसेट कॅमेऱ्यापासून सुरुवात केली होती. आमच्या सगळ्या बहिणींच्या लग्नांत मामा आहेत, पण एकाही कॅसेटमध्ये ते दिसत नाहीत. दिसतो तो फक्त त्यांचा संथपणा. मंडपातून नवरीपर्यंत जाताना त्यांचा कॅमेरा कधी हिसका देत नसे. मावशी म्हणायची, "ह्याच्या डोक्शावर पाण्यानं भरलेला पितळी गुंड ठेवा, थेंब सांडत नाही."

मग त्यांना कंपवात झाला. आधी उजवा अंगठा, मग हात. एका लग्नाचं शूटिंग करून आले, रात्री स्वतःच पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा कपाटात ठेवला. त्याला आता सहा-सात वर्षं झाली असतील. दुकान भाड्याने दिलं. त्यानंतर कॅमेऱ्याचा विषय आम्ही त्यांच्यासमोर काढत नसू, आणि म्हणूनच लॅपटॉप उघडताना मला जरा संकोच वाटत होता.

पहिला व्हिडिओ त्यांनी पाहिला. बाई चालत आली. मामा इतके हसले की मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कोण पुढं येते म्हनून लिहिलं होतं तू? बाई का कॅमेरा?"

"लिहिलंच नव्हतं."

"मंग तिचा काय दोष? तू बलावलं, ते आली."

मग त्यांनी झूमचे व्हिडिओ पाहिले आणि हसणं थांबलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"हे झूम हाय. तुले आत जायाचं हाय का जवळ ओढाचं हाय?"

मी म्हटलं, "फरक काय? शेवटी बाई मोठीच दिसणार ना?"

मामांनी मला उठवलं. दाराबाहेर पाण्याचा तांब्या ठेवलेला होता. दाराच्या चौकटीपलीकडे गच्ची, गच्चीवर तुळस, पलीकडे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. मला म्हणाले, एक डोळा मीट आणि तांब्याकडे पाहत चालत जा. मी गेले. तांब्या मोठा होत गेला, पण टाकी जवळपास तेवढीच राहिली. चौकट माझ्या दोन्ही बाजूंनी सरकून मागे गेली.

"हे झालं चालत जानं. आता अठीच उभी राहून समज की दुर्बीण लावली. मंग तांब्या मोठा होईन, तुळस मोठी होईन, टाकीबी तेवढीच मोठी होईन. समदं एकाच मापानं. चौकट बाजूनं सरकनार नाई. कागदावरचं चित्र नुसतं मोठं केल्यावानी. लोकायले फरक सांगता येत नाई, पन पोटात समजते. चालत गेलं की आपन तठी असतो. झूम केलं की आपन घरीच बसलो असतो."

मी कॉलेजात असताना मामांच्या कॅसेटी पाहिल्या होत्या, पुढे जाहिरातींच्या कामात शंभर शूटिंगांना हजर राहिले होते. चाकांवर सरकणारी डॉली, झूम, पॅन हे शब्द रोज कानावर पडायचे. पण हे मला कोणी असं तांब्याकडे चालायला लावून सांगितलं नव्हतं.

आम्ही नवं वर्णन लिहिलं. 'कॅमेरा डॉलीवर पुढे सरकतो' एवढ्याने भागलं नाही. साधनाने पुन्हा झूमच केला. डॉली आणि झूम हे शब्द त्याच्या लेखी जवळजवळ एकच होते, कारण ज्या लाखो व्हिडिओंवर ते शिकलं, त्यांना नावं देणाऱ्यांनीच दोन्हींत गल्लत केली असणार. मामांनी विचार केला आणि म्हणाले, "त्याले नाव नको सांगू. काय दिसते ते सांग."

मग मी लिहिलं: जवळची कलमं चौकटीच्या दोन्ही कडांनी बाहेर सरकत जातात, दूरचा बांध जवळपास तेवढाच राहतो, बाई जागेवर उभी आहे. या वेळी कॅमेरा खरोखर चालला. कलमं आमच्या दोन्ही बाजूंनी मागे गेली. मामांचा उजवा हात आपोआप वर आला, जसा तो कॅमेऱ्याच्या पट्ट्यात असायचा. मग त्यांनीच तो खाली घेतला आणि मांडीखाली दाबला.

चेहरा मात्र याही वेळी बदललाच. मामांनी फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. चेहऱ्याच्या जागी चार राखाडी ठिपके होते.

"यात चेहराच नाई ना. जवळ गेल्यावर मशीन काय दाखवंन? जे नाई ते बनवंन. आपन पुढं जायाचंच नाई. मागं जाऊ."

मागे गेल्यावर चेहरा लहानच होत जाणार, तो बदलण्याचं कारण नाही. हे अगदी पटलं. मी मागे सरकणारा कॅमेरा लिहिला. बाई तीच राहिली. पण कॅमेरा जसजसा मागे आला तसतसं फोटोच्या चौकटीबाहेरचं जग दिसायला लागलं. डावीकडे विजेचा खांब, उजवीकडे कौलारू बंगली, एक लोखंडी फाटक. सगळं अगदी खरं वाटणारं.

"ह्या खांबाले कोनं बलावलं?" मामा म्हणाले. "तवा तठी लाईट तरी होती का?"

मला माहीत नव्हतं. साधनालाही नव्हतं. फरक इतकाच की त्याला त्याची लाज नव्हती.

मामी म्हणाली, "ज्या बाईचा फोटू हाय ते जिती हाय ना? मंग तिले जाऊन इचारा. दोघं जन मशीनले काय इचारून राह्यले?"

पुढच्या आठवड्यात मामा अमरावतीला माझ्याकडे मुक्कामाला आले आणि सकाळच्या बसने आम्ही वरुडमार्गे शेंदूरजनाघाटला निघालो. प्रवासभर मामांच्या हातात फोटोची मोठी करून छापलेली प्रत होती. त्यांनी ती उलटी धरून पाहिली, तिरकी धरून पाहिली. मोर्शी गेल्यावर मला म्हणाले, "हा फोटू काढनारा खाली उभा नव्हता."

"कशावरून?"

"दूरचा बांध पाह्य. बाईच्या डोक्शाच्या वरून चालला हाय. आपन तिच्याएवढ्या उंचीवरून पाह्यलं असतं तं सपाट रानातली दूरची रेघ तिच्या डोयाच्या उंचीनं गेली असती. हा मानूस लय वर हाय. आन फोटू जरासा तिरपा हाय. ज्याच्यावर उभा होता ते हालत होतं."

आजींचं घर बागेतच आहे. ऐंशी पार केलेल्या, सडपातळ, नऊवारीचा काष्टा घट्ट, ऐकायला उत्तम आणि बोलायला त्याहून. सचिव आमच्या आधीच येऊन बसले होते. मी आजींना काय करायचं आहे ते सांगितलं, बनलेले व्हिडिओही दाखवले. साबणाच्या जाहिरातीतली बाई पाहून आजी म्हणाल्या, "हे कोन व?"

"तुम्हीच, आजी. मशीनने केलेल्या."

"माह्या सासूनं हिले घरात घेतलं नसतं. दात पाह्य तिचे."

खांब आणि बंगली पाहिल्यावर मात्र त्या गंभीर झाल्या. "लाईट तं लय मागून आली. आमी मोटंनं पानी ओढलं. हे बंगली कोनाची? लोकायले वाटंन आमी पैल्यापासून बंगलीवाले होतो."

मामा पुढे सरकून बसले. ते पहिल्यांदा बोलत होते. "ताई, हा फोटू कोनं काढला? तो कोठी उभा होता?"

आजी मामांकडे नीट पाहत राहिल्या. मला वाटतं, इतक्या वर्षांत फोटोतल्या बाईबद्दल सगळ्यांनी विचारलं असेल, फोटो काढणाऱ्याबद्दल कोणी नाही.

"वरुडचा फोटूवाला होता. कोनाच्या तरी लग्नाले आला होता. आमच्या मालकायनं त्याले रानात आनलं. पन गवत एवढालं होतं, कलमं दिसेचना. मंग तो बंडीवर चढला. बैल जुपेलच होते. तो म्हने हालू देऊ नका, आन बैल कायले आयकतात?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावरचा आनंद मी शब्दांत धरू शकत नाही. त्यांनी न पाहिलेला, कधीच मेलेला एक फोटोग्राफर त्यांना सापडला होता, हलत्या बैलबंडीवर तोल सावरत उभा असलेला.

पुढचा तासभर मामा विचारत गेले आणि आजी सांगत गेल्या. तुमच्यापासून बंडी किती पावलांवर होती? पंधराक. बंडीच्या डाव्या हाताला काय होतं? बाभूळ, तिच्याखाली मोटेचा जादा नाडा, म्हणजे जाड दोर, गुंडाळून ठेवलेला. उजव्या हाताला? काही नाही, पराटीचं, म्हणजे कापसाचं रान, थेट नाल्यापर्यंत. ऊन कोणीकडून? आजींनी हात वर करून दाखवला. पाठीवर पडत होतं, संध्याकाळ व्हायला आली होती. आजी उठल्या आणि आम्हाला त्या जागी घेऊनच गेल्या. विहीर अजून आहे, आता तिच्यावर पंप आहे. मामा काठापासून पावलं मोजत मागे मागे चालत गेले. पंधराव्या पावलाला थांबले. उजवा हात खिशात होता, पण खांदे अगदी स्थिर. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि तिथून बघितलं.

"लेन्स साधी होती," ते म्हणाले. "पन्नासची म्हनतो आपन तसली. विहिरीचा काठ ताणलेला दिसत नाई, म्हंजे रुंद भिंग नाई. आन मागचा बांध बाईच्या पाठीले चिकटलेलाबी नाई, म्हंजे लांबचंबी नाई."

तिथेच, विहिरीजवळच्या संत्र्याच्या सावलीत बाजेवर बसून मी लिहायला घेतलं. सचिवांची फार इच्छा होती की ड्रोन शॉट व्हावा: विहिरीवरून वर वर जाणारा, मग गोल फिरणारा. मी त्यांच्या समाधानासाठी एक करून दाखवला. आठ सेकंदांत वर जायचं, फिरायचं आणि खाली पाहायचं, अशा तीन हालचाली कोंबल्यावर साधनाने सगळं एकमेकांत कालवून टाकलं. विहीर वितळल्यासारखी चौकोनी झाली. आजींनी त्यावर एकच शेरा दिला, "भोवळ आली वाटते मशीनले." सचिव हसले आणि चहाची व्यवस्था पाहायला गेले.

माझं पहिलं वर्णन असं होतं: 'बंडीवर उभ्या असलेल्या फोटोग्राफरच्या नजरेतून.' लगेच बंडी फोटोत आली. चांगली दोन बैलांची, बाईच्या शेजारी उभी. दुसऱ्यांदा मी लिहिलं, 'बंडी दिसत नाही.' तरी आली. या कामात हे मी अनेकदा अनुभवलं आहे. ज्या वस्तूचं नाव घ्याल ती बहुधा हजर होते, मग नाव नको म्हणण्यासाठी का घेतलेलं असेना. म्हणून बंडी पूर्ण काढली आणि तिच्या जागी फक्त उंची ठेवली. झूम नको असेल तर 'झूम नाही' लिहायचं नाही, 'लेन्स तीच राहते' असं लिहायचं.

मग मामांनी अडवलं. "हे लय गुळगुळीत चाललं. रुळावरून चालल्यावानी. तो मानूस बंडीवर उभा होता ना. त्याचा श्वास दिसला पाह्यजे."

मी 'हातात धरलेला कॅमेरा' असं लिहिलं. पडद्यावर भूकंप झाला. सगळं चित्र थरथरत होतं. मी मामांकडे पाहायचं टाळलं. तेच शांतपणे म्हणाले, "एवढा तं मीबी हालत नाई, बाप्पा." मग सांगितलं, "असं लिही. धरनारा पक्का हाय, पायाखालचं थोडंसं हालते. हात नाई हालत."

हात नाही हालत, हे मी लिहिणार नव्हते. 'हालणं' हा शब्दच नको होता. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते समजलं. शेवटी जे झालं ते मराठीत असं होतं:

'कृष्णधवल, जुन्या फोटोचा रवाळपणा तसाच. कॅमेरा जमिनीपासून आठ फुटांवर, किंचित खाली पाहणारा. साधी पन्नासची लेन्स, ती शेवटपर्यंत तीच राहते. अनुभवी कॅमेरामन, शांत धरलेला कॅमेरा, श्वासाइतकी हलकी लय. कॅमेरा सरळ रेषेत, अगदी सावकाश, पाच-सहा पावलं मागे सरकतो. बाई विहिरीकाठी जागेवर उभी आहे, फक्त पदराचं टोक वाऱ्याने उडतं. मागे सरकताना डाव्या कडेने बाभळीचं खोड चौकटीत येतं, तिच्याखाली जाड दोराचं वेटोळं. उजवीकडे कापसाचं मोकळं रान, दूरच्या नाल्यापर्यंत. मावळतं ऊन बाईच्या पाठीवर.'

चौथ्या प्रयत्नाला ते जमलं. पहिल्या तिन्हींत बाभळीऐवजी कुठलं तरी परदेशी झाड यायचं, मग मी काटे, बारीक पानं आणि काळं भेगाळ खोड असं लिहिलं. मी लॅपटॉप आजींच्या मांडीवर ठेवला, उन्हाला आड म्हणून चहा घेऊन परतलेल्या सचिवांनी वरून दुपट्टा धरला.

आजी पाहत होत्या. पडद्यावरची बाई हळूहळू लहान होत गेली आणि तिच्याभोवतीचं रान मोठं होत गेलं. काही खांब नाही, बंगली नाही. एवढ्या मोठ्या मोकळ्या काळ्या रानात एक विहीर, गुडघाभर कलमं आणि एक बाई. मी हे वर्णन स्वतः लिहिलं होतं, तरी ते इतकं एकटं दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

"पुन्हा लाव," आजी म्हणाल्या. मी लावला. तिसऱ्यांदा लावला. मग त्या म्हणाल्या, "नाडा तठीच ठेवत होतो आमी. हे बरोबर केलं." आणि नंतर हळूच, जणू पडद्यावरच्या बाईलाच, "लय भेव वाटे तवा. एवढ्या रानात कधी झाडं होतीन का म्हनून."

मी विचारलं, "आजी, फोटोत तुमची मान थोडीशी बाजूला वळलेली आहे. तिकडे काय होतं?"

"ते उभे होते. बैलायपाशी. मी हसावं म्हनून बैलाची शिंगं आपल्या डोक्शाले लावल्यावानी करत होते."

सचिव एकदम उत्साहात आले. "मॅडम, मंग तोही शॉट करा ना! कॅमेरा फिरवा, उलट्या बाजूनं, काका बैलाजवळ..."

करता आलं असतं. उलट बाजूचा शॉट, आजींच्या नजरेची उंची, तीच लेन्स. वाक्यं माझ्या डोक्यात तयारही झाली होती. मी आजींकडे पाहिलं.

"त्यायचा फोटू हाय का कुठं?" मामांनी विचारलं.

"नाई. एकबी नाई."

"मंग मशीन कोनाले तरी दुसऱ्याले उभं करंन, ताई."

"नको," आजी म्हणाल्या. त्यात रडवेपणा नव्हता, व्यवहार होता. "दुसऱ्या मानसाकडं पाहून मी काहून हसू? मले ते दिसतात. लोकायले नाई दिसले तं चालते."

मामांनी मान डोलावली आणि मी लॅपटॉप मिटला.

मेळाव्याला मी आणि मामा दोघंही गेलो. फिल्ममध्ये तो शॉट आठ सेकंदांचाच होता. खाली आम्ही ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे दृश्य जुन्या फोटोवरून आणि आजींच्या आठवणींवरून संगणकाने बनवलं आहे. सचिवांना ती ओळ आधी नको होती, आजींनी ठेवायला लावली. "नाई तं लोक म्हंतीन, तवा यायच्यापाशी शूटिंगवाला होता!" रान मागे मागे उघडत गेलं, आणि मग लगेच कट होऊन आजची हिरवीगार बाग आली, ती खरी, आमच्या कॅमेरामनने काढलेली. शेजारी बसलेल्या एका शेतकऱ्याने आपल्या बायकोला सांगितलं, "पाह्य, आपलं रान असंच होतं." मला त्या वाक्याने जेवढं बरं वाटलं तेवढं टाळ्यांनी वाटलं नाही.

मामांचं नाव श्रेयनामावलीत घालायला ते तयार नव्हते. "मी कॅमेरा धरला का?" म्हणाले. बरीच हुज्जत घातली. शेवटी 'कॅमेरा-मार्गदर्शन' या शब्दावर तडजोड झाली आणि मामीने त्या पडद्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

आता माझ्या कामात काही अडलं की मी मामांना फोन करते, किंवा खरं सांगायचं तर अडलं नाही तरी करते. मामांना टंकता येत नाही, म्हणून ते बोलून पाठवतात. मागून मामीचा आवाज असतो, रस्त्यावरचे हॉर्न असतात, अजान किंवा आरती असते, आणि मध्ये मामा मला कॅमेरा कुठे ठेवायचा ते सांगत असतात. परवा एका शाळेच्या फिल्मसाठी मी वर्गाचं दृश्य लिहून त्यांना वाचून दाखवलं. 'कॅमेरा डावीकडे वळतो.' पाच मिनिटांत त्यांचा निरोप आला:

"वळते का सरकते, ते लिही. जाग्यावरून मान फिरवली तं आपन पाव्हने. बाकायच्या मधून सरकत गेलं तं आपन मास्तर. कोन हाय आपन, ते आधी ठरव. आन दिवाईले येतं का नाई, तेबी कयव. मामी इचारून राह्यली."

मी 'मास्तर' निवडलं आणि तसं लिहिलं. दिवाळीचंही कळवलं, येतेच म्हणून.